शो नोट्स करून घेताय? ट्रान्सक्रिप्ट कोणत्या फाइलची आहे ते आधी बघा

आम्ही पॉडकास्टच्या एपिसोडची वेळांसह विषययादी आणि मुख्य मुद्दे, म्हणजेच शो नोट्स, लिहून देतो. 'विषययादीतल्या वेळा जुळत नाहीत' असा फोन आम्हाला दर आठवड्याला येतो. बहुतेक वेळा कारण एकच निघतं: ट्रान्सक्रिप्ट कच्च्या रेकॉर्डिंगची असते आणि एपिसोड कापूनकुपून नंतर चढवलेला असतो.

समजा, काटोलच्या संत्रा बागायतदाराशी गप्पा आहेत. ट्रान्सक्रिप्टची शेवटची ओळ 51:20 ला आहे आणि तुमची अंतिम फाइल मात्र 46 मिनिटांची. इथेच ओळखायचं. सुरुवातीला 40 सेकंदांचं संगीत जोडलं आणि चौदाव्या मिनिटाच्या पुढची 6 मिनिटं 20 सेकंदांची गप्पाष्टकं कापली, असं धरू. मग 9:05 चा 'रोपांची निवड' हा विषय 9:45 वर जातो, तर 23:10 चा 'आंबिया बहाराचा ताण' 17:30 वर येतो. एक पुढे सरकला, एक मागे. म्हणून 'सगळ्यांत 40 सेकंद मिळवा ना' हा उपाय चालत नाही. काप एकच असेल तर हिशेब जमतो. वीस ठिकाणी कात्री लागली असेल तर प्रत्येक विषय नव्याने ऐकावा लागतो. त्या ऐकण्याचे आम्ही वेगळे पैसे घेतो, आणि ते काहींना खटकतं. पण एडिटिंग पूर्ण झाल्यावरच ट्रान्सक्रिप्ट काढली तर ते लागतच नाहीत.

यूट्यूबवर प्रकरणं दिसायला पहिली वेळ 00:00 लागते, वेळा चढत्या क्रमाने किमान तीन लागतात आणि प्रत्येक भाग निदान 10 सेकंदांचा हवा. 'पहिला विषय तर 1:15 ला सुरू होतो' म्हणून 00:00 ची 'ओळख' ही ओळ खोडू नका.

आता मुख्य मुद्दे. 'पाणी व्यवस्थापनाचे महत्त्व' हा मुद्दा नव्हे, ते नुसतं शीर्षक झालं. ते विषययादीत शोभतं. मुद्दा म्हणजे पाहुण्याने सांगितलेली गोष्ट: 'आंबिया बहारासाठी पाणी तोडून ताण देताना हलक्या जमिनीत तो कमी दिवस ठेवावा, भारी जमिनीत जास्त.' पाहुणे 'माझ्या बागेत तरी' म्हणाले असतील, तर ते शब्द आम्ही गाळत नाही. वाक्य थोडं लांबतं, पण उद्या कोणी त्यावरून पाणी तोडलं तर बोल पाहुण्यांना लागतो. एपिसोडमागे चार-पाच मुद्दे पुरतात. बारा मागितले की सात भरतीचे येतात.

आणि हो, ट्रान्सक्रिप्टमध्ये 'मृग बहार'चं 'मृत बाहेर' झालेलं असतं. पाहुण्यांचं नाव, गावाचं नाव आणि पाच-सात खास शब्द कागदावर लिहून फोटो पाठवलात, तर आमचा बराच वेळ वाचतो.

अंतिम ऑडिओ, त्याच फाइलची ट्रान्सक्रिप्ट आणि शब्दांचा हा फोटो, एवढं एकत्र आलं की दोन दिवसांत नोट्स हातात. एक दुरुस्ती त्यातच धरलेली आहे.