तत्काळ कवळी

तत्काळ कवळी : उरलेले दात काढण्यापूर्वीच तयार करून ठेवलेली आणि ते काढल्याबरोबर त्याच बैठकीत बसवलेली कवळी. रूढ पद्धतीत आधी दात काढतात, हिरड्या भरून येऊ देतात आणि मग माप घेतात. येथे माप दात असतानाच घेतले जाते. त्यामुळे रुग्ण एक दिवसही बोळका राहत नाही, पण जी हिरडी अजून तयारच झालेली नाही, तिच्यासाठी कवळी अंदाजाने घडवावी लागते.

या पद्धतीच्या पहिल्या वर्णनाचे श्रेय सामान्यतः अमेरिकेतील रिचर्डसन यांना (१८६०) दिले जाते. ते पहिल्या लेखी नोंदीपुरते मानणे बरे. ईथरची भूल (१८४६) आल्यावर एकाच बैठकीत अनेक दात काढणे सुसह्य झाले होते, आणि कडक रबराच्या एकस्वानंतर (१८५१) कवळीचा तळही तुलनेने स्वस्तात घडवता येऊ लागला. तेव्हा ही कल्पना एकाहून अधिक दंतवैद्यांना स्वतंत्रपणे सुचली असण्याचा संभव अधिक वाटतो.

वरच्या जबड्याचे नेहमीचे उदाहरण घेऊ. दाढा आधी काढून चार ते सहा आठवडे जाऊ देतात. समोरचे सहा दात, म्हणजे दोन सुळे व चार पटाशीचे, तसेच ठेवतात. मापावरून केलेल्या प्लास्टरच्या प्रतिकृतीवर तंत्रज्ञ हे सहा दात कापून ओठांकडची कड थोडी तासतो. टाळूकडची बाजू सहसा तशीच राखतात. तासणे प्रमाणाबाहेर झाले, तर कवळी हाडाच्या उंचवट्यावर अडते. हे ओळखण्यासाठी तासलेल्या प्रतिकृतीवरच पारदर्शक ॲक्रिलिकचा साचा करून ठेवतात. दात काढल्यावर तो दाबून बसवला, की जेथे हिरडी पांढरी पडते तेथेच हाड घासावे लागते.

पहिले २४ तास रुग्णाने कवळी काढायची नसते. ती काढली तर सूज चढते आणि कवळी पुन्हा आत जात नाही. दुसऱ्या दिवशी दंतवैद्य स्वतः ती काढून लाल झालेल्या जागा पाहतो व तेवढाच तळ घासतो.

खरी अडचण पुढच्या महिन्यांत येते. दातांचे तंतू खोबणीच्या ज्या आतल्या हाडात रोवलेले असतात, ते हाड दात गेल्यावर निरुपयोगी होऊन विरघळते. समोरच्या दातांची ओठांकडची भिंत अतिशय पातळ असते आणि बहुतांशी याच हाडाची बनलेली असते, त्यामुळे तीच सर्वांत जास्त खचते. श्रॉप व सहकाऱ्यांनी (२००३) एकेक दाढ वा उपदाढ काढलेल्या जागा मोजल्या. त्यांत बारा महिन्यांत उंचवट्याची रुंदी सुमारे निम्म्याने घटली, आणि त्यातील दोन-तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच झाली. सगळेच दात गेलेल्या जबड्याला हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत, पण घटीचा कल तोच दिसतो.

टाळूच्या मध्यरेषेवरचे कठीण हाड मात्र फारसे झिजत नाही. कडेचे उंचवटे खाली गेले, की कवळी या मध्यरेषेवर टेकते आणि चावताना झुल्यासारखी डावी-उजवीकडे झुलते. वरची कवळी बरोबर मधून तडकण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. ‘कवळी सैल झाली’ असे रुग्ण सांगतो. वस्तुतः कवळी होती तेवढीच असते, तिच्याखालची जमीन खचलेली असते. बाजारची चिकट पेस्ट ही पोकळी काही दिवस झाकते, पण दाब विषमच राहतो.

म्हणून तळाला नवे अस्तर द्यावे लागते. सुरुवातीला मऊ अस्तर वापरतात. त्याची पूड व द्रव मिसळून झालेला लगदा तळाला लावला, की तो तोंडातच हिरडीचा आकार घेतो. त्यातील अल्कोहोल व मऊपणा देणारे द्रव्य हळूहळू निघून जाऊन तो कडक व खरबरीत होतो, म्हणून तो थोड्या थोड्या दिवसांनी बदलतात. कायमचे कडक अस्तर केव्हा द्यावे याबद्दल एकमत नाही. कोणी तीन महिने सांगतात, कोणी वर्ष. सहा महिन्यांच्या आसपास थांबणे व्यवहार्य ठरते, कारण फार लवकर दिलेले अस्तर लवकरच पुन्हा सैल पडते.

कडक अस्तराआधी तळ आतून सारखा घासून मापाच्या द्रव्यासाठी जागा करतात, मग कवळीलाच मापाची ताटली करून पातळ द्रव्याने माप घेतात व प्रयोगशाळेत त्या जागी ॲक्रिलिक भरतात. येथील नेहमीची चूक म्हणजे द्रव्य जास्त भरणे : कवळी पुढे सरकते वा खाली उतरते, दातांची चाव उंच होते आणि समोरचे दात जास्त दिसू लागतात. दात सावकाश व हलकेच मिटवून माप घेतल्यास ही चूक टळते. तरीही अस्तरानंतर चाव पुन्हा जुळवून पाहावी लागते. मुळात दातांची मांडणीच चुकली असेल, तर अस्तराने ती सुधारत नाही. नवी कवळीच करावी लागते.

खालच्या जबड्यात हे सारे अधिक बिकट होते. टालग्रेन (१९७२) यांच्या दीर्घ निरीक्षणांत तेथील उंचवट्याची उंची वरच्यापेक्षा सुमारे चौपट घटलेली आढळली, म्हणून खालच्या कवळीला पुन्हा अस्तर देण्याची वेळ सहसा आधी येते.