धडकेनंतर वेगांची बेरीज तेवढीच राहते का?

“सारख्या वस्तुमानाच्या दोन चकत्या आदळल्या, की नंतरच्या दोन वेगांची बेरीज आधीच्या वेगाइतकीच भरते. संवेग अक्षय्यता म्हणजे हेच.”

समोरासमोरच्या सरळ धडकेत हे जुळतं, म्हणून ते पटतं. पण संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, आणि त्याला दिशा असते, त्यामुळे तिरक्या धडकेत दोन अक्षांवर वेगळा हिशेब करावा लागतो.

एक चकती 2 मी/से वेगाने येऊन स्थिर चकतीला कडेला लागते. मग पहिली मूळ दिशेच्या डावीकडे 30° कोनात 1.73 मी/से वेगाने जाते, तर दुसरी उजवीकडे 60° कोनात 1 मी/से वेगाने. नुसती बेरीज 2.73. वेग कुठून वाढला? कुठूनच नाही. मूळ दिशेत पहिलीचा वाटा 1.73 × cos 30° = 1.5 आणि दुसरीचा 1 × cos 60° = 0.5, मिळून बरोबर 2. आडव्या दिशेत दोघींचे 0.87, पण परस्परविरुद्ध, म्हणून शून्य. वस्तुमान सारखं असल्याने ते दोन्ही बाजूंनी कटतं.

पडताळायचं असेल तर हवेच्या टेबलावरची, म्हणजे छिद्रांतून येणाऱ्या हवेवर चकत्या जवळजवळ घर्षणाशिवाय सरकतात अशा टेबलावरची, धडक वरून चित्रित करा आणि प्रत्येक फ्रेममधली केंद्रं आलेखकागदावर मांडा. दोन वाटांमधला कोन 90° पेक्षा थोडा कमी दिसेल, कारण धडकेत काही गतिज ऊर्जा खर्ची पडते. दोन्ही अक्षांवरचा संवेग मात्र तरीही जुळतो.