एन्झाइमला त्याच्याच कामात अडकवायची आयडिया कुठून आली

लायनस पॉलिंगने १९४८ च्या आसपास मांडलं होतं की एन्झाइम सगळ्यात घट्ट पकडतं ते सबस्ट्रेटला, म्हणजे ज्या रेणूवर ते काम करतं त्याला नाही, तर रिअ‍ॅक्शन होताना मधे क्षणभर जो वेडावाकडा आकार येतो, म्हणजे ट्रान्झिशन स्टेट, त्याला. पण हा आकार टिकतच नाही, मग हे तपासायचं कसं? त्यासारखा दिसणारा पण टिकाऊ रेणू, म्हणजे अ‍ॅनालॉग, शोधून. वीसेक वर्षांनी तसा एक सापडला.

प्रोलीन रेसमेज हे एन्झाइम प्रोलीन या अमिनो अ‍ॅसिडच्या एल रूपाचं त्याच्या आरशातल्या प्रतिमेसारखं डी रूप करतं आणि उलटही करतं. त्यासाठी अल्फा कार्बनवरचा प्रोटॉन एका बाजूने निघतो आणि दुसऱ्या बाजूने नवीन येऊन बसतो, आणि त्या अदलाबदलीत तो कार्बन जवळजवळ सपाट होतो. पायरोल-२-कार्बोक्झिलेटची रिंग मुळातच सपाट असते, आणि रॉबर्ट एबल्स आणि कार्डिनेल यांना १९६८ मध्ये दिसलं की ते प्रोलीनपेक्षा सुमारे १६० पट घट्ट बसतं. पॉलिंगच्या हिशोबाने खरी ट्रान्झिशन स्टेट याहून कितीतरी जास्त घट्ट बसायला हवी, पण अर्धवट तुटलेले बाँड कुठल्याच टिकाऊ रेणूत आणता येत नाहीत, त्यामुळे अ‍ॅनालॉग थोडा कमीच पडणार.

त्याच सुमाराला कोनराड ब्लॉक या बायोकेमिस्टच्या लॅबमध्ये वेगळंच काहीतरी चाललं होतं. ई. कोलाय अनसॅच्युरेटेड फॅटी अ‍ॅसिड बनवताना जे डिहायड्रेज वापरतो, त्याला त्यांनी डबल बाँडच्या जागी ट्रिपल बाँड असलेला सबस्ट्रेट दिला, ३-डिकायनॉइल थायोएस्टर, जो स्वतः निरुपद्रवीच म्हणायचा. एन्झाइमने नेहमीसारखा कार्बन-२ वरचा प्रोटॉन काढला आणि तिथेच फसलं, कारण त्यातून अ‍ॅलीन, म्हणजे लागोपाठ दोन डबल बाँड असलेला चिकट स्वभावाचा रेणू, तयार झालं आणि ते एन्झाइमच्याच हिस्टिडीनला कायमचं चिकटलं. याचा पुरावा मला फार आवडतो: त्या प्रोटॉनच्या जागी ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, घातलं तर एन्झाइम मरायचा वेग कमी होतो, म्हणजे बाँड तोडणारं एन्झाइमच. शिवाय रेडीमेड अ‍ॅलीन दिलं तर ते आणखी पटकन मरतं.

पुढे १९७६ मध्ये अशा, एन्झाइमला स्वतःच्याच हाताने मारायला लावणाऱ्या सुइसाइड इनहिबिटर्सवर रिव्ह्यू लिहिणाऱ्यांत परत एबल्सच होता, आणि मला तरी यात नवल वाटत नाही, कारण दोन्हीकडे आधी मेकॅनिझम कळावा लागतो. अ‍ॅनालॉग आणि सुइसाइड इनहिबिटर यांतला फरक ओळखायचा तर डायलिसिस करून, म्हणजे छोटे रेणू पडद्यातून धुऊन काढून बघायचं, अ‍ॅनालॉग हळूहळू का होईना सुटतो आणि अ‍ॅक्टिव्हिटी परत येते, सुइसाइडवाला कोव्हॅलंट चिकटलेला असला तर येत नाही, आणि त्यात अ‍ॅक्टिव्हिटी वेळेनुसार कमी होत जाते, भरपूर सबस्ट्रेट सोबत असेल तर आणखी सावकाश.

पण प्रत्येक वेळी डाव साधतोच असं नाही. बॅक्टेरियाचं पेनिसिलिन फोडणारं एन्झाइम टेम बीटा-लॅक्टमेज त्याच्यासाठीच्या सुइसाइड इनहिबिटरचे, क्लॅव्युलॅनिक अ‍ॅसिडचे, सुमारे ११५ रेणू नुसते फोडून टाकतं तेव्हा कुठे एकदा कायमचं बंद पडतं, म्हणून एन्झाइम जास्त असेल तर तेवढाच डोस अपुरा पडतो.