तर्री वाचली की तर्री ओतला?

ठाण्यातल्या एका मिसळीच्या दुकानात, मराठी नव्यानेच शिकणारा शेजारचा गडी म्हणाला, "तर्री जरा जास्त ओतला." अर्थ लगेच कळला, तरी 'ओतला'पाशी कान अडखळला. तो "मी तर्री वाचली" म्हणाला असता तरीही मी अडखळलो असतो, पण ती ठेच निराळी. किती निराळी, हे डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी घालून, मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपून मोजता येतं.

त्यासाठी अशी वाक्यं घेऊ: "मावशींनी मिसळीवर तर्री ओतली आणि प्लेट पुढे सरकवली." दुसऱ्यात 'ओतली'च्या जागी 'वाचली', तिसऱ्यात 'ओतला'. बाकी सगळं तेच. वाक्य क्रियापदावरच संपवलं नाही, कारण वाक्य संपताना मेंदू आवराआवर करतो आणि त्याची लहर आपल्या लहरीत मिसळते. शब्द पडद्यावर एकेक करून, साधारण अर्ध्या सेकंदाला एक, असे येतात. आपल्याला हवा तो फरक जेमतेम काही मायक्रोव्होल्टचा, आणि पापणी लवली तर शंभराच्या वर उसळी. म्हणून प्रत्येक प्रकारची तीस-चाळीस वेगवेगळी वाक्यं दाखवून सरासरी काढतात.

अर्थ न जुळणाऱ्या शब्दानंतर सुमारे 400 मिलिसेकंदांनी लहर ऋण बाजूला झुकते. हा 'एन 400' कुटास आणि हिल्यार्ड या संशोधकांनी 1980 मध्ये दाखवला. त्यांच्या एका वाक्यात गरम पावाला चक्क मोजे फासले होते! लिंग-वचनाच्या चुकीनंतर मात्र 600च्या आसपास धन बाजूची लहर येते, 'पी 600'. हिंदी क्रियापदांवरच्या 2007च्या प्रयोगातही ती दिसली. म्हणजे 'वाचली'ला पहिली लहर आणि 'ओतला'ला दुसरी, अशी अपेक्षा धरता येते.

यावरून 'आधी अर्थ, मग व्याकरण' असं म्हणायचा मोह होतो. तिथेच गोची आहे. किम आणि ऑस्टरहाउट यांनी 2005 मध्ये "जेवण मुलांना फस्त करत होतं" अशा धर्तीची इंग्रजी वाक्यं दिली. व्याकरण निर्दोष, अर्थ हास्यास्पद. म्हणजे एन 400 वाढायला हवा. वाढला पी 600! जेवण आणि फस्त करणं यांची जोडी इतकी घट्ट, की मेंदूने बहुधा 'जेवण फस्त केलं जात होतं' असा अर्थ आधीच लावून टाकला आणि चुकीचं खापर क्रियापदाच्या रूपावर फोडलं. मग पी 600 ही निव्वळ व्याकरणाची घंटा उरत नाही. काही जण तिला सगळा अर्थ पुन्हा जुळवण्याची खूण मानतात, आणि मला ते अधिक पटतं.

शिवाय 400 हा लहरीच्या शिखराचा आकडा आहे, अर्थ कळल्याचा क्षण नव्हे. झुकाव 200-250 मिलिसेकंदांपासूनच सुरू होतो. आणि पुढचा शब्द आधीच्या शब्दांवरून जितका अपेक्षित, तितका तो लहान. 'मिसळीवर तर्री' एवढं वाचलं की ठाणेकराच्या मेंदूत 'ओतली' बहुधा आधीच जागं झालेलं असतं.