इकॉनॉमायझर व एअर प्रीहीटरचे प्रस्तावपत्र

बॉयलरच्या चिमणीतून वाया जाणारी उष्णता फीड वॉटर आणि ज्वलनाच्या हवेला देऊन इंधन वाचवावे, यासाठी प्लांट इंजिनिअर व्यवस्थापनाला लिहितो ते पत्र. पूर्व विदर्भात धानाच्या तुसावर बॉयलर चालवणाऱ्या उसना तांदळाच्या गिरण्यांमध्ये या पत्राला पहिला आक्षेप ठरलेला असतो: तूस तर घरचेच आहे! म्हणून वाचलेल्या तुसाची किंमत बाजारातील विक्रीच्या दराने मांडावी लागते.

चिमणीचे तापमान बॉयलरच्या नळ्या साफ केल्यानंतर, पूर्ण भारावर मोजावे. काजळी साचली की हे तापमान आपोआप चढते, आणि ब्रशने होणाऱ्या कामासाठी लाखोंचे यंत्र मागितल्यासारखे होते.

ताशी ४ टन वाफेचा, ताशी १.१ टन तूस खाणारा बॉयलर घेऊ. धूर २४० अंश सेल्सिअस. इकॉनॉमायझर तो १९० वर आणतो आणि पाणी ६० वरून ८६ अंशांवर नेतो. पुढे प्रीहीटर धूर १५० वर आणून हवा सुमारे ४५ अंशांनी तापवतो. धूर २२ अंशांनी उतरला की ढोबळमानाने १ टक्का इंधन वाचते. म्हणजे ९० अंशांना सुमारे ४ टक्के, वीस तासांच्या दिवसाला ९०० किलोच्या आसपास तूस. पाणी ६ अंशांनी किंवा हवा २० अंशांनी तापली की १ टक्का, या दुसऱ्या ठोकताळ्याने साडेसहा टक्के येतात. चूक होते ती दोन्ही बेरजेला धरण्यात. धुराने गमावलेली आणि पाणी-हवेने कमावलेली उष्णता एकच असते. पत्रात लहान आकडा लिहावा.

तुसाची राख बहुतांशी सिलिका असते. ती नळ्या खरवडते आणि फिन्समध्ये अडकते. म्हणून साध्या नळ्या, मोकळे अंतर आणि राख काढायचे हॉपर मागावेत. धुराच्या वाटेत अडथळा वाढल्याने धूर चिमणीकडे ओढणारा आयडी फॅन पुरेल का, हेही तपासावे. फॅन कमी पडला तर भट्टीच्या दारातून धूर बाहेर येतो.

खरी मेख फीड पंपात आहे. बॉयलरमधील पाण्याची लेव्हल भरताच पंप बंद होत असेल, तर इकॉनॉमायझरमध्ये थांबलेले पाणी उकळते आणि पंप पुन्हा सुरू होताच पाइपात घणासारखे ठोके बसतात. यासाठी पाण्याचा प्रवाह अखंड ठेवणारा कंट्रोल व्हॉल्व्ह खर्चात धरावा. तो नंतर मागितला की व्यवस्थापन चिडते, आणि ते रास्तही आहे.

तुसात कोळसा मिसळत असल्यास गंधकामुळे आम्ल साचून नळ्या गंजतात. नळीच्या पत्र्याचे तापमान आतल्या पाण्याच्या जवळपासच राहते, त्यामुळे धूर गरम असूनही थंड पाण्याची नळी आधी जाते. वाफेचे थंडावून झालेले गरम पाणी, म्हणजे कंडेन्सेट, टाकीत परत आणून फीड वॉटर गरम ठेवणे हा यावरचा स्वस्त उपाय, आणि तो आधी करावा.

इकॉनॉमायझर दाबाखाली काम करतो, म्हणून त्याला बाष्पके संचालनालयाची मंजुरी लागते. प्रीहीटर हवेचा असल्याने त्याला ती लागत नाही. इकॉनॉमायझरची जोडणी बंदच्या हंगामात करायची तर मंजुरीचा अर्ज त्याआधीच जायला हवा.