फोटो कोणाचा? चित्राची ऑर्डर देण्याआधी एवढं वाचा

आम्ही फोटोवरून पेन्सिल, जलरंग आणि तैलरंगात चित्रं करून देतो, हे आपल्याला माहीत आहेच. आकार, फ्रेम, किती दिवस लागतील हे सगळं आपण विचारता. आम्ही उलट एकच प्रश्न विचारतो आणि तिथे बोलणं अडतं: हा फोटो कोणी काढला?

"नेटवरून घेतलाय", "ग्रुपवर आला होता", "गुगलवर सापडला" ही त्याची उत्तरं नव्हेत. फोटो कुठे दिसला आणि तो कोणी काढला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळ्यांना दिसतो म्हणून फोटो सगळ्यांचा होत नाही. बटण दाबलं त्या क्षणी त्यावर कॉपीराइट लागू होतो. त्यासाठी नोंदणी लागत नाही की कोपऱ्यात © लिहावं लागत नाही. त्या फोटोवरून रंगवलेलं चित्र ही कायद्याच्या नजरेत बहुतेक वेळा त्याची नक्कल किंवा रूपांतर असतं, आणि तो हक्क फोटोग्राफरचा असतो.

मागे एका ग्राहकाने खंड्याचा फोटो पाठवला. पाण्यातून वर येणारा, चोचीत मासा, भोवती थेंबांची माळ. स्क्रीनशॉट होता, चारही बाजूंनी कापलेला. आम्हीही तेव्हा फार चौकशी केली नाही, रेखाटन करून टाकलं. पिसं काढायला बसलो तर फाइल लहान पडली, म्हणून इमेज सर्चमध्ये टाकून मूळ फोटो शोधला. तो बराच रुंद होता आणि डाव्या कोपऱ्यात फोटोग्राफरचं नाव होतं, नेमकं कापलं गेलेलं. त्याला मेल केला. नऊ दिवसांनी उत्तर आलं, सभ्य आणि स्पष्ट: घरात लावायला एक चित्र करा, मागे माझं नाव लिहा, प्रिंट काढू नका. ग्राहकाने तेव्हा प्रथमच सांगितलं, की त्याला भेट द्यायला पंचवीस प्रिंट हव्या होत्या. झालं! रेखाटन बाजूला ठेवलं, दुसऱ्या बसलेल्या खंड्याचं चित्र पहिल्यापासून केलं आणि ऑर्डर तीन आठवडे लांबली. पहिल्याच दिवशी मूळ फोटोची लिंक मिळाली असती, तर हे सगळं टळलं असतं. आमचा सर्वांत जास्त वेळ याच एका चुकीत जातो.

यावर हमखास येणारा सल्ला म्हणजे "तीस टक्के बदला, मग काही होत नाही". असा टक्क्यांचा नियम कायद्यात नाही. फोटो आरशासारखा उलटा केला, रंग बदलले किंवा पार्श्वभूमी कोरी ठेवली, तरी मुद्दा तोच राहतो. खंड्या कोणाच्या मालकीचा नाही, त्याचं बुडी मारणंही नाही. पण तो कोन, तो प्रकाश, मासा वळलेला तो नेमका क्षण आणि थेंबांची ती मांडणी फोटोग्राफरने निवडलेली असते. आम्ही साधी कसोटी लावतो. चित्र आणि फोटो शेजारी ठेवायचे. सावली त्याच बाजूला, थेंब त्याच जागी, पंखातलं तुटकं पीससुद्धा तेच दिसलं, तर ती नक्कल आहे. पक्ष्याची ठेवण शिकायला पाच-सहा फोटो पाहून पवित्रा स्वतः रचला, तर गोष्ट वेगळी.

"मी फोटोग्राफरला पैसे दिले, म्हणजे फोटो माझा" हे कुठे खरं असतं, कुठे नसतं. भारतात कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार, मोबदला देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक सांगणारा असतो, पण वेगळा करार नसेल तरच. अमेरिकेत लेखी काही ठरलं नसेल, तर फोटो साधारणपणे काढणाऱ्याचाच राहतो. म्हणून लग्नाच्या अल्बममधला फोटो देताना बिलाच्या मागची बारीक अक्षरं एकदा वाचा. (हेच कलम आपण काढून घेतलेल्या व्यक्तिचित्रालाही लागू आहे. प्रामाणिकपणे सांगून ठेवतो, म्हणून आमच्या पावतीवर हक्कांचं स्पष्ट लिहिलेलं असतं.)

आता फोटोग्राफरच्या बाजूने. त्याने काय अपेक्षा ठेवावी? आधी विचारलं जावं, ही पहिली. दुसरी, वापर नेमका सांगितला जावा: एकच मूळ चित्र की प्रिंटही, घरासाठी की विक्रीसाठी, ऑनलाइन दाखवणार की नाही. नाव, आणि मागितलं तर मानधन, हेही रास्तच. तो कारण न देता नाही म्हणू शकतो, आणि आम्ही त्यावर वाद घालत नाही. मात्र त्याच्या परवानगीने आमचं चित्र त्याच्या मालकीचं होत नाही. आम्ही जे नवं घातलं, त्यावर त्याचा हक्क नसतो.

परवानगी एकदा मिळाली म्हणजे कायमची मिळाली, असंही नाही. लिन गोल्डस्मिथ या फोटोग्राफरने गायक प्रिन्सचा फोटो 1981 मध्ये काढला. 1984 मध्ये एका मासिकाने चित्रकाराच्या संदर्भासाठी तो एकदाच वापरायची परवानगी 400 डॉलर देऊन घेतली. चित्रकार होते अँडी वॉरहॉल, आणि त्यांनी त्या एका फोटोवरून एकूण सोळा कामं केली. प्रिन्सच्या निधनानंतर 2016 मध्ये त्यांतलं दुसरंच एक मासिकावर छापलं गेलं. त्याचे पैसे वॉरहॉलच्या प्रतिष्ठानाला मिळाले. गोल्डस्मिथ यांना ना पैसे मिळाले, ना त्यांचं नाव आलं. 2023 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तो वापर "न्याय्य वापर", म्हणजे परवानगीशिवाय चालणारा वापर, मानायला नकार दिला. आपली प्रिंटची मागणी नंतर वाढली की आम्ही पुन्हा विचारायला जातो, त्यामागे हेच कारण आहे.

मोफत फोटोंच्या साइटवरही खालची ओळ पाहा. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या लायसन्समध्ये CC BY असेल तर नाव देऊन वापरता येतो. NC असेल तर विकायच्या चित्राला चालत नाही, आणि ND असेल तर बदललेलं रूप प्रसिद्ध करता येत नाही.

फोटोग्राफरला विचारायचं म्हणजे काय लिहायचं, असं पुष्कळजण विचारतात. एवढा मजकूर पुरतो, लिंक जोडून पाठवा:

"नमस्कार. आपल्या या फोटोवरून एक जलरंगचित्र करून घ्यायचं आहे. एकच मूळ चित्र, घरात लावण्यासाठी. प्रिंट किंवा विक्री नाही. चित्राच्या मागे आणि ते ऑनलाइन दाखवल्यास तिथेही आपलं नाव लिहू. परवानगी द्याल का? काही अटी किंवा मानधन असल्यास कळवावं."

हो आलं की तो संदेश जसाच्या तसा आम्हाला पुढे पाठवा. आम्ही तो ऑर्डरच्या फाइलला जोडून ठेवतो. लिहायला संकोच वाटत असेल तर लिंक द्या, आम्ही लिहितो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही. नकार आला किंवा दोन आठवड्यांत उत्तरच आलं नाही, तर त्याच विषयावर आमच्या संग्रहातल्या, स्वतः काढलेल्या फोटोंवरून नवी रचना सुचवतो. कुत्र्या-मांजरांच्या बाबतीत तर आपण मोबाइलवर काढलेले चार-पाच फोटोच आम्हाला जास्त आवडतात. खिडकीजवळ, फ्लॅश बंद ठेवून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसून काढा आणि न कापता मूळ फाइल पाठवा.