प्रतिमा लघुकरण (शासकीय अर्जांसाठी)

छायाचित्र किंवा स्कॅन केलेले पान ठरवून दिलेल्या मापात, केबी-मर्यादेत आणि फाइल-प्रकारात बसवण्याची क्रिया. जळगाव, धुळे व नंदुरबार या खानदेशातील जिल्ह्यांत हे काम बहुतांशी आपले सरकार सेवा केंद्रे, सेतू केंद्रे आणि तहसील कचेरीजवळची झेरॉक्सची दुकाने करतात. बोलण्यात त्याला ‘केबीत बसवणे’ किंवा नुसते ‘साइज करणे’ म्हणतात.

‘आपले सरकार’ संकेतस्थळावरील प्रचलित सूचनेनुसार अर्जदाराचे छायाचित्र 160 पिक्सेल रुंद, 200 ते 212 पिक्सेल उंच, 5 ते 20 केबी आकाराचे आणि जेपेग प्रकारचे असावे लागते. पिक्सेल आणि केबी या दोन वेगळ्या अटी आहेत. पिक्सेल हे चित्राचे माप, तर केबी ही ते साठवायला लागलेली जागा. केवळ केबी कमी केलेले चित्र मापात बसत नाही, आणि फोटो नाकारला जाण्याचे हे एक कारण असते.

नंदुरबारच्या एखाद्या विद्यार्थिनीने जातीच्या दाखल्यासाठी मोबाइलवर 3000 × 4000 पिक्सेलचा फोटो काढला असे धरू. रुंदी 160 केली की त्याच प्रमाणात उंची 213 येते, म्हणजे मर्यादेपेक्षा एक पिक्सेल जास्त. फोटो ओढूनताणून 212 करण्यापेक्षा आधी 35 × 45 या पासपोर्टच्या प्रमाणात कापावा. मग 160 रुंदीला उंची 206 येते. या मापात सुमारे 33 हजारच पिक्सेल उरतात आणि 20 केबीत प्रत्येकाच्या वाट्याला जवळजवळ 5 बिट येतात. एवढी जागा चेहऱ्यासाठी भरपूर आहे, त्यामुळे गुणवत्ता 85–90 ठेवली तरी चालते. इतके करूनही आकार उतरत नसेल, तर कॅमेऱ्याने फाइलीत ठेवलेली माहिती व छोटी नमुनाप्रतिमा काढून टाकावी. संगणकावर इमेजमॅजिकने ही सारी कामे एकाच आज्ञेत होतात :

```
magick photo.jpg -auto-orient -resize 160x206^ -gravity center -extent 160x206 -strip -define jpeg:extent=19kb out.jpg
```

फाइलीचे नाव बदलून `.jpg` केल्याने प्रकार बदलत नाही. आयफोनची `.heic` फाइल अशी नुसती नाव बदलून चढवली, तर आतला मजकूर तपासणारे संकेतस्थळ ती नाकारते.

केबी म्हणजे नेमके किती, याविषयी दोन मते आहेत. संगणकक्षेत्रात 1024 बाइटांचा केबी रूढ होता. आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाने 1998 च्या अखेरीस 1024 साठी ‘किबीबाइट’ ही वेगळी संज्ञा दिली आणि ‘किलो’ 1000 पुरता राखला. विंडोज अजूनही 1024 ने भागते. अँड्रॉइडमध्ये आठव्या आवृत्तीपासून 1000 चे माप आहे. म्हणून 20,300 बाइटांची एकच फाइल मोबाइलवर 20.3, तर दुकानातल्या संगणकावर 19.8 केबी दिसते. त्यात विंडोज `Size` खाली `Size on disk` हा दुसरा आकडाही दाखवते. तो डिस्कवरच्या 4096 बाइटांच्या पूर्ण कप्प्यांचा असल्याने याच फाइलीसाठी 20.0 येतो. पाहायचा तो पहिला आकडा. संज्ञेच्या दृष्टीने आयोगाचे मत अधिक सुसंगत वाटते. व्यवहारात मात्र फाइल 5,120 बाइटांहून मोठी आणि 20,000 बाइटांहून लहान ठेवणे सुरक्षित, कारण ती दोन्ही मापांनी मर्यादेत राहते.

कागदपत्रांना त्याच संकेतस्थळावर 75 ते 500 केबी ही मर्यादा आहे. ए-4 पान 200 डीपीआयला करड्या छटांत स्कॅन केले तर साधारणपणे त्यात बसते. अडचण येते ती जातपडताळणीसाठी जोडल्या जाणाऱ्या कोतवाल बुकाच्या नकला किंवा शाळेच्या जुन्या रजिस्टरातील उतारे यांच्या बाबतीत. जेपेग पद्धतीत चित्राचे 8 × 8 पिक्सेलचे चौकोन पाडून प्रत्येकातील बारीक चढउतार आधी टाकून देतात. (त्यामागचे गणित नासिर अहमद, नटराजन व राव यांनी 1974 मध्ये प्रसिद्ध केले, जेपेग मानक 1992 चे.) पिवळ्या, डागाळलेल्या कागदाचा खरखरीतपणा आणि फिकट शाईची रेघ या पद्धतीला सारख्याच बारीक दिसतात. जागा कागदाच्या पोतावर खर्च होते आणि अक्षर पुसट होते. अशा वेळी गुणवत्ता आणखी उतरवण्याऐवजी पार्श्वभूमी उजळ करावी, रिकाम्या कडा कापाव्यात आणि मग 150 डीपीआयपर्यंत खाली यावे.

पान शुद्ध काळे-पांढरे करण्याचा मार्ग सोपा दिसतो, पण त्यात फिकट जांभळा शिक्का नाहीसा होऊ शकतो आणि फाइल अनेकदा 75 केबीच्याही खाली जाते. मग ‘फाइल लहान आहे’ म्हणून ती परत येते. तीच फाइल मोठी करून साठवल्यास केबी वाढतात, गेलेला शिक्का परत येत नाही. मूळ कागद करड्या छटांत पुन्हा स्कॅन करावा लागतो. पाठवण्यापूर्वी तयार फाइल पूर्ण आकारात उघडून नाव, जात, तारीख आणि शिक्क्यावरील गाव ही चार ठिकाणे वाचून पाहावीत.